भेगेची साक्ष

काळ्या जमिनीवरील घराची भेग स्थिरावली आहे की अद्याप रुंदावते आहे, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. म्हणून गिलावा खरवडून, उघड्या विटांवर तिच्या दोन्ही काठांना धरून प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी बसवावी व तीवर तारीख घालावी. हा ठिसूळ लेप भिंत केसभर सरकताच तडकतो. मात्र गिलाव्यावरच लावल्यास गिलावाच सुटतो आणि पट्टी फसवी शाबूत राहते. हालचालीचे प्रमाण तीतून कळत नाही, त्याकरिता दोन्ही काठांवर एकेक स्क्रू बसवून त्यांतील अंतर दरमहा कॅलिपरने मोजून नोंदवहीत दाखल करावे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. यास्तव मे महिन्यात २ मिलिमीटर वाढलेले अंतर सप्टेंबरात पूर्ववत झाले, तर ती ऋतुमानाची हालचाल होय, परंतु पुढल्या मे महिन्यात तीच वाढ ३ भरली, तर पायाची तपासणी तातडीने करवावी.