एक नोकरी, दोन भाषांतली जाहिरात

१९७४ साली बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये टेल्को कंपनीची इंजिनिअर भरतीची जाहिरात लागली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली.

१९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली. तशी उघड ओळ आता क्वचितच दिसते. पण माणसांना दारातूनच परत पाठवणाऱ्या गोष्टी जाहिरातीच्या वाक्यरचनेत आणि अटींत राहून जातात. जाहिरात मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असेल, तर त्या शोधणं आणखी अवघड होतं.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयाला नोंदणी खिडकीवर माणूस हवा आहे. पहिला मसुदा असा: ‘पाहिजे: हुशार, तडफदार, फर्डं इंग्रजी बोलणारा पदवीधर. वय २२ ते २८. पगार योग्यतेनुसार.’ इंग्रजी मजकुरात मात्र पदवी ‘असल्यास उत्तम’ एवढंच म्हटलं आहे. म्हणजे बारावी झालेली एखादी व्यक्ती इंग्रजी वाचून अर्ज करेल आणि मराठी वाचून करणार नाही.

दुरुस्तीची सुरुवात कामापासून करावी लागते. नोंदणी खिडकीवर दिवसभर काय चालतं? रुग्णाचं नाव, वय, पत्ता संगणकावर घेणे, केसपेपर काढणे, पैसे घेऊन पावती देणे, फोनवर डॉक्टरांच्या वेळा सांगणे. अशी यादी केली की मराठीला ती सोपी जाते, कारण ‘करणे’, ‘देणे’ या रूपांना लिंग नसतं. ‘बोलणारा’, ‘सांभाळणारा’ लिहिलं की पद पुरुषासाठीच असल्यासारखं वाटतं. इंग्रजीत ही अडचण येत नाही, म्हणून इंग्रजीवरून घाईने मराठी करणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. ‘उमेदवाराला मराठीत सहज बोलता यावं’ या रचनेत कुणीच वगळलं जात नाही.

विशेषणांचाही परिणाम होतो. वर्चस्व, स्पर्धा, नेतृत्व सुचवणाऱ्या शब्दांनी भरलेल्या इंग्रजी जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, असं २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. आपल्याला काम जमणार नाही, असं त्यांना वाटत नव्हतं. तिथे आपल्यासारख्यांना जागा नसेल, असं वाटत होतं. तेव्हा खिडकीवरच्या कामाशी संबंध नसलेला ‘तडफदार’ काढून टाकावा.

मग पात्रता. यादीतल्या प्रत्येक कामाला नेमकं काय यावं लागतं, तेवढंच मागायचं. नोंद मराठीत होत असेल तर मराठी टंकलेखन हवंच. औषधांची आणि तपासण्यांची नावं वाचण्यापुरतं इंग्रजी लागतं, फर्डं बोलणं लागत नाही. पदवी कोणत्याच कामाला लागत नसेल तर बारावी पुरे. एमएस-सीआयटी प्रमाणपत्र मागायचं, की संगणकाचं काम मुलाखतीत करून घ्यायचं, हे आधी ठरवावं. लोकसेवा आयोगांच्या जाहिरातींत आवश्यक अर्हता आणि प्राधान्याची अर्हता वेगळ्या दिलेल्या असतात. लहान संस्थेनेही त्या दोन याद्या वेगळ्या छापाव्यात. दोन भाषांत सर्वाधिक घोळ इथेच होतो: ‘किंवा’चं ‘आणि’ होतं, ‘प्राधान्य’चं ‘आवश्यक’ होतं.

वयाची अट काढली की मुलांसाठी काही वर्षं घरी थांबलेल्या स्त्रियांनाही वाट मोकळी होते. ‘कामात खंड पडला असला तरी अर्ज करावा’ एवढं एक वाक्य त्यांना पुरतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आस्थापनांना समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, तर २०१९च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे. मात्र ‘सर्वांचं स्वागत’ लिहून भागत नाही. खिडकी तळमजल्यावर आहे का, रॅम्प आहे का, मुलाखतीला मदतनीस आणता येईल का, हे लिहावं. रॅम्प नसेल तर तसंही सांगावं. ‘योग्यतेनुसार’ऐवजी पगाराचा खरा आकडा, कामाच्या वेळा आणि सुट्टीचा वार द्यावा. रात्रपाळी असेल तर ती लपवू नये.

शेवटी दोन्ही मजकूर जुळतात का, ते तपासायचं. इंग्रजी न पाहिलेल्या एकाला मराठी वाचायला द्यावं, मराठी न पाहिलेल्या दुसऱ्याला इंग्रजी. दोघांनी कामं, अटी, पगार आणि अर्जाची शेवटची तारीख आपापल्या कागदावर लिहावी. नोंदणी खिडकीच्या पहिल्या मसुद्यावर हे केलं असतं, तर एका कागदावर ‘पदवी हवीच’ आणि दुसऱ्यावर ‘पदवी नसली तरी चालेल’ असं उतरलं असतं. असा फरक दिसला की कामांची यादी पुन्हा उघडून अट एकदा ठरवावी आणि दोन्ही भाषांत एकाच वेळी दुरुस्त करावी. कारण पुढे तक्रार आली, तर आपण वाचलेलाच मजकूर खरा, असं दोन्हीकडचे उमेदवार म्हणणार.