पोहता येतं, पण पोहोचता येतं का?

कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचा ठिपका लावायचा, मधोमध ताज्या ब्रॉथमधल्या जिवाणूंचा छोटासा थेंब ठेवायचा, खळगा असलेली काचपट्टी त्यावर पालथी टेकवायची आणि सगळं चटकन उलटं करायचं. थेंब खळग्यात लोंबकळत राहतो. हाच हँगिंग ड्रॉप. रंग न दिलेले जिवाणू भर उजेडात दिसत नाहीत, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा उजेड कमी करून आधी थेंबाची कड गाठावी लागते.

नवशिके इथे फसतात. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी मेलेला जिवाणूही जागच्या जागी थरथरतो. व्हॅसलिनच्या फटीतून वारा शिरला, तर सगळे एकाच दिशेला वाहताना दिसतात. शेजारचे दोन जिवाणू दोन दिशांना निघाले, तरच ते पोहणं.

ई. कोलाय हा जिवाणू दोनेक मायक्रोमीटर लांबीचा. त्याच्या अंगावर साधारण चार कशाभिका असतात, प्रत्येक अंगापेक्षा कितीतरी लांब. कशाभिकेच्या मुळाशी असलेली मोटर आत शिरणाऱ्या प्रोटॉनांवर चालते आणि सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेते. सगळ्या मोटरी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरल्या की कशाभिकांची वेणी वळली जाते आणि जिवाणू सेकंदभर सरळ धावतो. एखादी मोटर उलटी फिरली की वेणी सुटते, क्षणभर गिरकी बसते आणि नवी दिशा मिळते, तीही निव्वळ योगायोगानं. अन्न कुठे आहे, हे त्याला दिसत नाही. आताची चव मघापेक्षा बरी वाटली, तर तो गिरकी लांबवतो, एवढंच. याला केमोटॅक्सिस म्हणतात.

आता CheY हे प्रथिन नसलेला वाण घ्या. चवीचा निरोप मोटरीपर्यंत नेणारं हे प्रथिन नसेल, तर मोटर उलटी फिरतच नाही. लोंबत्या थेंबात हा सगळ्यांत तरबेज पोहणारा वाटतो. मऊ अगार मात्र त्याचं बिंग फोडतं. नेहमीच्या बशीत दीड टक्का अगार असतं, इथे जेमतेम ०.३ टक्का. मधोमध सुई टोचून जिवाणू सोडायचे आणि बशी रात्रभर ३० अंशांवर ठेवायची. धडधाकट जिवाणू जवळचं सेरीन संपवतात. मग बाहेरच्या बाजूला ते जास्त उरतं आणि त्यामागे धावणाऱ्यांचं कडं पसरत जातं. ॲस्पार्टेटच्या मागचं दुसरं कडं त्याच्या आत उमटतं. आपल्या सरळमार्गी वाणाचा मात्र छोटा ठिपकाच राहतो. जेलीच्या बंद बोळात तो शिरतो खरा, पण गिरकी नसल्यानं बाहेर पडू शकत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ज्यूलियस ॲडलर यांच्या प्रयोगशाळेनं १९६०च्या दशकात अशाच बशांवर हे वाण हुडकले.

पण कशाभिका नसलेला वाणही ठिपकाच देतो. म्हणून त्या ठिपक्यातून सुईच्या टोकावर थोडे जिवाणू उचलायचे, ब्रॉथमध्ये वाढवायचे आणि पुन्हा थेंब लोंबता ठेवायचा.