गोड नको, नुसतं बोल

‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हा खरं तर छोटासा सौदा आहे: हातावर वडी ठेवायची आणि मोबदल्यात गोडवा मागायचा. मित्राला शुभेच्छा लिहिताना वडीला हात लावू नये, मागणी बदलावी. फोन न उचलणाऱ्या मित्राला लिहा, ‘तिळगूळ घे आणि बोल. गोड नसलं तरी चालेल.’ त्याची खोड त्यात नेमकी सापडते, म्हणून तो हसतो. हाच मजकूर पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकला, तर तो कोणाचाच राहत नाही.

स्वयंपाकघरही मदतीला येतं. चिक्कीच्या गुळाचा पाक जास्त पुढे गेला की वडी दगडासारखी होते. मग लिहावं, ‘वडी कडक झालीय. संपेपर्यंत तुला बोलताच येणार नाही, माझी संक्रांत गोड!’ बडबड्या मित्राला हे चपखल बसतं. अबोल मित्राला मात्र तो टोमणा वाटेल. आणि ज्याच्याशी खरंच भांडण झालंय, त्याच्याशी शब्दांचे खेळ नकोत. त्याच्या घरी डबा घेऊन जावं आणि नेहमीचंच वाक्य म्हणावं.