जलरंगांची पहिली खरेदी

शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करणाऱ्या बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याने २४ रंगांच्या पेटीऐवजी पिवळा, लाल आणि अल्ट्रामरीन निळा या तीनच नळ्या घ्याव्यात, कारण बहुतेक छटा त्यांच्या मिश्रणातून मिळतात. रंगद्रव्य, म्हणजे रंग देणारी बारीक पूड, नळीवरील सांकेतिक क्रमांकावरून ओळखता येते. केवळ ‘PB29’ असल्यास त्यात अल्ट्रामरीन हे एकच रंगद्रव्य असते, तर अनेक रंगद्रव्यांचे रंग परस्परांत मिसळल्यास लवकर मळकटतात. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनच्या विद्यार्थी श्रेणीपेक्षा ‘आर्टिस्ट’ श्रेणीत रंगद्रव्य अधिक असते. कुंचला ८ क्रमांकाचा, गोल, कृत्रिम केसांचा एकच पुरेसा असून, ओला करून झटकल्यावर ज्याचे टोक जुळत नाही तो घेऊ नये.