केमद्रुम योग: चंद्र एकटा पडला म्हणजे नेमकं काय?

पत्रिकेत ‘केमद्रुम’ निघाला, शांत करावी लागेल, असं ऐकलं की घरातले घाबरतात. या योगाचं फळ दारिद्र्य आणि एकटेपण असं सांगितलं जातं. पण तो ठरतो कसा?

चंद्राच्या राशीच्या आधीची आणि नंतरची रास बघायची. तिथे मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी यांपैकी कुणीच नसेल तर केमद्रुम. सूर्य, राहू, केतू यात धरत नाहीत.

समजा, जामनेर तालुक्यातल्या पहूरला २२ फेब्रुवारी २०२४ च्या दुपारी बाळ जन्मलं. त्या दिवशी गुरुपुष्य होतं, म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त! चंद्र कर्केत, मिथुन आणि सिंह दोन्ही राशी रिकाम्या. म्हणजे केमद्रुम झालाच.

आता भंग बघू. चंद्रापासून पहिलं, चौथं, सातवं, दहावं स्थान ही केंद्रं. तिथे ग्रह असेल तर योग मोडतो, असं बहुतेक ज्योतिषी मानतात. त्या दिवशी सातव्या मकरेत मंगळ-शुक्र, दहाव्या मेषेत गुरू होता. दोष सांगून इथेच थांबणारा ज्योतिषी अर्धीच पत्रिका वाचतो.

चंद्रासोबत ग्रह असेल किंवा चंद्र लग्नापासून केंद्रात असेल, तरी भंग मानतात. मात्र लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, म्हणून जन्मवेळ चुकली की हा निकष डळमळतो.

चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. तेवढ्या काळात जन्मलेल्या जवळपास सगळ्याच बाळांना हा ‘दोष’ लागतो. त्यांची आयुष्यं सारखी जातात, याला वैज्ञानिक पुरावा नाही.