मेंथॉलची खुर्ची

अमृतधारेच्या बाटलीत कापूर आणि ओव्याच्या फुलाबरोबर पुदिन्याचे फूलही असते. पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉलचे स्फटिक. बाममध्ये, खोकल्याच्या गोळीत, टूथपेस्टमध्ये जो गारवा जाणवतो तो याचाच. मेंथॉलच्या रेणूचा गाभा म्हणजे सहा कार्बनचे एक कडे, सायक्लोहेक्झेन. या कड्याला तीन गट चिकटलेले असतात: हायड्रॉक्सिल, आयसोप्रोपिल आणि मिथाइल.

पुस्तकात हे कडे सपाट षटकोनासारखे काढतात, पण ते सपाट नसते. कार्बनच्या चार बंधांना एकमेकांत साधारण 109.5 अंशांचा कोन हवा असतो आणि सपाट षटकोनात तो 120 होतो. शिवाय सपाट कड्यात शेजारशेजारचे हायड्रोजन अगदी समोरासमोर येतात, तेही रेणूला सोसत नाही. म्हणून एक कार्बन वर, पुढचा खाली, पुन्हा एक वर असे कडे वाकते आणि बाजूने पाहिले तर आरामखुर्चीसारखे दिसते. जर्मनीच्या हेर्मान साक्से यांनी 1890 मध्येच हे मांडले होते, पण मांडणी इतकी गणिती होती की रसायनशास्त्रज्ञांनी तिच्याकडे काणाडोळा केला. 1893 मध्ये साक्से वारले. पुढे नॉर्वेचे ऑड हासेल यांनी प्रयोगाने खुर्ची सिद्ध केली, इंग्लंडच्या डेरेक बार्टन यांनी 1950 मध्ये तिचा रासायनिक अभिक्रियांशी संबंध दाखवला आणि 1969 चे नोबेल दोघांना मिळून मिळाले.

खुर्ची काढायला चित्रकला यावी लागत नाही. उजवीकडे किंचित उतरणाऱ्या दोन समांतर रेघा काढा, खालची थोडी उजवीकडे सरकलेली. दोघींची डावी टोके डावीकडच्या एका खालच्या बिंदूला जोडा आणि उजवी टोके उजवीकडच्या एका वरच्या बिंदूला. समोरासमोरच्या बाजू समांतर आल्या की खुर्ची जमली. नाही आल्या तर खोडून पुन्हा काढा, कारण पुढचे सगळे बंध याच बाजूंच्या आधाराने काढायचे असतात.

प्रत्येक कार्बनवर आता दोन जागा उरतात. कोपरा वर असेल तर एक बंध सरळ वर जातो, कोपरा खाली असेल तर सरळ खाली. हा उभा, म्हणजे अ‍ॅक्शियल बंध. दुसरा बाहेरच्या बाजूला जातो, तो आडवा किंवा इक्वेटोरियल. पण आडवा म्हणजे अगदी क्षितिजसमांतर नव्हे. वरच्या कोपऱ्यावर तो किंचित खाली झुकतो, खालच्या कोपऱ्यावर किंचित वर उठतो, आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूला समांतर असतो. उत्तरपत्रिकांत हे बंध सपाट ओढलेले दिसतात आणि तिथेच गाडे अडते, कारण तो झुकाव गेला की गट वर आहे की खाली हेच कळेनासे होते.

या विषयातली खरी गोम इथेच आहे. वर-खाली ही एक गोष्ट, उभा-आडवा ही दुसरी. गट कड्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे रेणूचे कायमचे लक्षण. बंध तोडल्याशिवाय ते बदलत नाही. उभा-आडवा मात्र सतत बदलत राहतो. कडे उलटते, वरचे कोपरे खाली जातात, खालचे वर येतात आणि प्रत्येक उभा गट आडवा, प्रत्येक आडवा उभा होतो. साध्या सायक्लोहेक्झेनमध्ये हे नेहमीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे लाख वेळा घडते. वर असलेला गट दुसऱ्या खुर्चीत खाली दाखवला, तर ती दुसरी खुर्ची राहत नाही, तो वेगळाच पदार्थ होतो.

मेंथॉल बसवून पाहू. हायड्रॉक्सिल असलेला तो पहिला कार्बन, आयसोप्रोपिल दुसऱ्यावर, मिथाइल पाचव्यावर. हायड्रॉक्सिल खाली, आयसोप्रोपिल वर, मिथाइल खाली, ही मेंथॉलची ओळख. पहिला कार्बन वरच्या कोपऱ्यावर घेतला तर तिथला उभा बंध वर जातो, म्हणून खालचे हायड्रॉक्सिल आडवे. दुसरा कोपरा खालचा, त्याचा उभा बंध खाली, म्हणून वरचे आयसोप्रोपिल आडवे. पाचवा पुन्हा वरचा कोपरा, खालचे मिथाइल आडवे. तिन्ही आडवे! खुर्ची उलटवली की तिन्ही उभे.

उभ्या गटाची अडचण अशी की त्याच अंगाला, एकेक कार्बन सोडून, आणखी दोन उभे बंध असतात आणि गट त्यांच्या हायड्रोजनवर दाटी करतो. आडव्या गटापुढे मोकळी जागा असते. या दाटीची किंमत मोजलेली आहे: मोलमागे मिथाइलला सुमारे 1.7 किलोकॅलरी, आयसोप्रोपिलला 2.2, हायड्रॉक्सिलला साधारण 0.9. नेहमीच्या तापमानाला दर 1.4 किलोकॅलरीमागे दोन खुर्च्यांच्या प्रमाणात दहापट फरक पडतो. मेंथॉलच्या उलट्या खुर्चीची बेरीज 4.8 होते, म्हणजे तीन उभे गट असलेला रेणू हजारांत एखादा.

मेंथॉलचा भाऊबंद निओमेंथॉल. त्यात फक्त हायड्रॉक्सिल वर असते. आता एका खुर्चीत हायड्रॉक्सिल उभे, बाकी दोघे आडवे, खर्च 0.9. दुसरीत हायड्रॉक्सिल आडवे, पण बाकी दोघे उभे, खर्च 3.9. निकाल पहिल्या खुर्चीच्या बाजूने.

एवढ्यावरून ‘सर्वांत मोठा गट नेहमी आडवा’ असे सूत्र पाठ करू नये. तिन्ही गट वर असलेला निओआयसोमेंथॉल घ्या. आयसोप्रोपिल आडवे ठेवले तर हायड्रॉक्सिल आणि मिथाइल दोघेही उभे, बेरीज 2.6. आयसोप्रोपिल एकटे उभे केले तर 2.2. त्यात भर म्हणजे पहिल्या खुर्चीतले ते दोन उभे गट एकाच अंगाला असल्याने हायड्रोजनवर नव्हे, थेट एकमेकांवर आदळतात आणि तो खर्च तक्त्यातल्या आकड्यांत धरलेलाच नाही. पारडे उभ्या आयसोप्रोपिलकडे झुकते. तक्ता प्रत्येक गट एकटा असताना मोजलेला असतो, म्हणून बेरजेआधी कोण कोणासमोर येतो ते चित्रात बघावे.

या चित्रांचा पडताळा प्रयोगशाळेत मिळतो. मेंथॉल आणि निओमेंथॉलमधल्या हायड्रॉक्सिलच्या जागी क्लोरीन आणून सोडियम इथॉक्साइडशी अभिक्रिया केली की हायड्रोजन क्लोराइड निघून मेंथीन तयार होते. त्यासाठी क्लोरीन आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन दोघेही उभे, पण विरुद्ध अंगांना हवेत. निओमेंथिल क्लोराइडमध्ये क्लोरीन मुळातच उभे असते. मेंथिल क्लोराइडला मात्र आधी उलटून ती महागडी खुर्ची धरावी लागते. शिवाय उलटल्यावर एका शेजारी हायड्रोजनच्या जागी आयसोप्रोपिल उभे राहते, म्हणून तिकडून वाट बंद होते आणि एकच मेंथीन मिळते. निओमेंथिल क्लोराइड दोन मेंथीनचे मिश्रण देते आणि सुमारे 200 पट वेगाने देते.