फोनमधला पुरावा आणि त्याची नोंदवही

जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ ची निवडणूक २९६ मतांच्या फरकाने लागली. विजयी उमेदवार अर्जुन खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. या आक्षेपाचा मुख्य आधार निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात झालेले चित्रीकरण हा होता. चित्रीकरणाच्या तबकड्या न्यायालयात आल्या, परंतु भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे त्यांच्यासोबत जे प्रमाणपत्र असावे लागते ते अधिकाऱ्यांनी मागूनही दिले नाही. हे प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी त्याचा निकाल लागला. प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी आपल्या हातात होते ते सर्व केले आणि तरीही ते त्याला नाकारले गेले, त्याला ही अट बाधत नाही, असेही म्हटले. आज देशभरातील वकील विजेवरच्या पुराव्यासंबंधी बोलताना ज्या निवाड्याचा हवाला देतात, तो आपल्या जालन्याचा आहे, ही गोष्ट टेंभुर्णीच्या आमच्या कट्ट्यावर फारशी कोणाला ठाऊक नसते.

त्या निवाड्यात आणखी एक वाक्य आपल्या कामाचे आहे. मोबाइलचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून मूळ यंत्रच न्यायालयापुढे ठेवीत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. नक्कल सादर करावयाची असेल तरच ती आहे. पण अत्याचाराच्या प्रकरणातील फोन मुद्देमाल म्हणून जातो, मालकाच्या हातून सुटतो, आणि न्यायालयासमोर बहुधा त्याची नक्कलच येते. ती कशी काढली, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही.

माझ्या परिचयाच्या एका तरुणाला रात्री एका नंबरावरून जातीवाचक शिव्या आणि जिवे मारण्याची धमकी लिहून आली. सकाळी उठून पाहतो तर पाठविणाऱ्याने संदेश ‘सर्वांसाठी’ पुसलेला. पोरगा हुशार. त्याने कोठेतरी ऐकले होते की व्हॉट्सॲप काढून टाकून पुन्हा बसविले, की जुनी प्रत परत येते. त्याने तसे केले, संदेश परत आला, त्याने स्क्रीनचा फोटो काढला आणि तो घेऊन तो ठाण्यात गेला. त्याचा आनंद मी पाहिला आहे, म्हणून हे लिहिताना जड जाते. ज्या क्षणी त्याने ते ॲप काढले, त्या क्षणी फोनमधला मूळ संग्रह त्याने स्वतःच्या हाताने पुसला. पुढे आरोपीच्या वकिलाने विचारले, की हा संदेश त्या रात्री आला होता हे या फोटोवरून कसे ठरते, तर त्याच्याजवळ दाखवायला मूळ काही उरले नाही.

त्याने काय करावयास हवे होते, हे समजून घेण्यासाठी फोनमधून माहिती काढण्याच्या दोन पद्धतींतला फरक पाहिला पाहिजे. पहिलीला लॉजिकल प्रत म्हणतात. यात आपण फोनच्या कार्यप्रणालीला विचारतो, ‘तुझ्याजवळ काय काय आहे?’ आणि ती जे द्यायला तयार असते तेवढे मिळते: फोटो, संपर्क, लघुसंदेश, कॉलची यादी, साठवणीतल्या फायली. तलाठ्याच्या दप्तरातला उतारा जसा असतो तसे हे आहे. उतारा खरा असतो, पण तलाठ्याने न दिलेले पान त्यात येत नाही. दुसरी फिजिकल प्रत. यात कार्यप्रणालीला न विचारता साठवणीच्या चिपमधला बिट नि बिट जसाच्या तसा उतरवितात. मोकळी दाखविलेली जागाही त्यात येते, आणि पुसलेल्या गोष्टी बहुधा तेथेच पडून असतात. पुसणे म्हणजे अनेकदा वहीतले पान फाडणे नसून अनुक्रमणिकेतली ओळ खोडणे असते. त्या पानावर नवे लिहिले जाईपर्यंत जुने वाचता येते. म्हणून पुरावा असलेला फोन वापरीत राहणे हेच त्याचे सर्वांत मोठे नुकसान.

आता येथे कूटबद्धता आडवी येते. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून प्रत्येक फाईल स्वतंत्र किल्लीने बंद करण्याची सोय आली आणि अँड्रॉइड १० सह येणाऱ्या नव्या फोनांवर ती सक्तीची झाली. आयफोनांत ही व्यवस्था त्याआधीपासून होती. किल्ली तयार होते ती मालकाच्या पिनपासून आणि यंत्राच्या आत कोरलेल्या, बाहेर न येणाऱ्या गुप्त संख्येपासून. त्यामुळे चिप उपसून काढली आणि बिट नि बिट उतरविली, तरी हाती अर्थहीन आकड्यांचा ढीग लागतो. फाईल पुसली की तिची किल्लीही जाते, मग मोकळ्या जागेत काही उरले असले तरी ते वाचता येत नाही. म्हणून आजच्या फोनांवर तज्ज्ञ खऱ्या अर्थाची फिजिकल प्रत क्वचितच काढतात. फोन उघडलेल्या स्थितीत असताना आतल्या सर्व फायली, ॲपचे खासगी कप्पे धरून, उतरवितात. व्हॉट्सॲपचा मूळ संग्रह `msgstore.db` अशाच खासगी कप्प्यात असतो, साध्या लॉजिकल प्रतीत तो येत नाही.

गंमत अशी, की आजीजवळचा बटणांचा फोन बहुतेक वेळा कूटबद्ध नसतो, आणि त्यातला पुसलेला लघुसंदेश नातवाच्या महागड्या फोनातल्यापेक्षा सहज परत मिळू शकतो.

फोन बंद होणे हाही एक धोका आहे. सुरू केल्यावर एकदा पिन टाकला की किल्ल्या स्मृतीत राहतात, पडदा कुलूपबंद झाला तरी. फोन बंद झाला की त्या जातात आणि पिनशिवाय जवळजवळ काहीच उघडत नाही. आयफोनमध्ये २०२४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२५ पासून अशी सोय आली आहे, की तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप पुन्हा सुरू होतो. मुद्देमाल कक्षातल्या कपाटात आठवडाभर पडलेला फोन आणि पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचलेला फोन हे पुराव्याच्या दृष्टीने दोन वेगळे फोन आहेत. तक्रारदार स्वतःच पिन देतो तेव्हा ही अडचण उरत नाही. पण पिन कोणाला, केव्हा दिला हे लिहिलेले असावे.

आता त्या तरुणाच्या रात्रीकडे परत येऊ. समजा, संदेश रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी आला आणि सकाळी साडेसहाला पुसला गेला. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲप सहसा रात्री दोन वाजता संदेशसंग्रहाची कूटबद्ध प्रत फोनच्या साठवणीतच ठेवते आणि साधारण मागील सात दिवसांच्या प्रती राखते. म्हणजे दोनची प्रत संदेश पुसला जाण्यापूर्वीची आहे आणि त्यात तो आहे. तो गेला तो चालू संग्रहातून. आठवडा गेला की ही प्रतही जाईल. करावयाचे ते एवढेच: फोन विमान-स्थितीत टाकावा, ॲपला हात लावू नये, आणि प्रतींचा कप्पा जसाच्या तसा संगणकावर घ्यावा. (फोन आधीच विमान-स्थितीत असता, तर पुसण्याची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती.) संगणक जाणणाऱ्यांसाठी आज्ञा अशा:

```
adb shell date
adb pull -a /sdcard/Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
cd Databases
sha256sum * > ../hash.txt
```

पहिली ओळ फोनचे घड्याळ दाखविते, दुसरी कप्पा उतरविते, शेवटची प्रत्येक फाईलचा हॅश काढते. हॅश म्हणजे फाईलच्या सर्व मजकुरावरून निघणारी ६४ अक्षरांची खूण. एक अक्षर बदलले तरी खूण सबंध बदलते. उतरविलेली फाईल कुलूपबंदच राहते. ती उघडण्याची किल्ली ॲपच्या खासगी कप्प्यात असते, आणि ते काम प्रयोगशाळेचे. ॲप काढून टाकले की ही किल्लीही जाते. मालकाने प्रतीला स्वतःचा संकेतशब्द किंवा ६४ अंकी किल्ली लावलेली असेल, तर ती त्याच्याजवळून घ्यावी लागते.

हॅशविषयी एक गैरसमज विद्यार्थ्यांत फार आढळतो. ‘फोनचा हॅश’ असे ते म्हणतात. चालू फोन क्षणाक्षणाला काहीतरी लिहीत असतो. त्याच फोनची पाच मिनिटांनी पुन्हा प्रत काढली तर हॅश वेगळा येईल, आणि त्यात लबाडी काहीच नसेल. हॅश काढायचा तो उतरविलेल्या फाईलचा, उतरविल्या क्षणी. शिवाय तो एवढेच सांगतो, की तेव्हापासून फाईल बदललेली नाही. त्याआधी काय घडले, याविषयी तो मुका असतो.

या मुकेपणाची किंमत भीमा-कोरेगावच्या प्रकरणात दिसली. रोना विल्सन यांच्या दिल्लीतील घरी १७ एप्रिल २०१८ रोजी जप्ती झाली. त्यांच्या लॅपटॉपच्या संपूर्ण प्रतीचा अभ्यास अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या प्रयोगशाळेने केला. आरोपास आधार झालेले दस्तऐवज घुसखोर आज्ञावलीच्या मार्गाने बाहेरून त्यात ठेवले गेले, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. वाद कोणत्याही बाजूने पाहिला तरी पद्धतीचा मुद्दा स्पष्ट आहे: केवळ दस्तऐवजांच्या फायली उचलल्या असत्या तर ते ‘आहेत’ एवढेच कळले असते. ते ‘कसे आले’ हा प्रश्न विचारता आला तो संपूर्ण प्रतीमुळे. आणि त्याच लॅपटॉपमध्ये विल्सन यांच्या आयफोनच्या दोन बॅकअप प्रती सापडल्या. म्हणजे साध्या लॉजिकल प्रती. त्यांत जुलै २०१७ ते एप्रिल २०१८ या काळातील पेगासस या हेरगिरी आज्ञावलीच्या खुणा आहेत, असे त्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले. लॉजिकल प्रतीला कमी लेखणाऱ्यांनी हे पाहावे. वेळेवर निघालेला उतारा फोन हरवल्यानंतरही बोलतो.

आता नोंदीचे. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि ६५-ब चे काम त्याचे कलम ६३ करते. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहावे लागते. पण प्रमाणपत्र महिन्यांनी भरले जाते. ते खरे ठरते त्या दिवशीच्या वहीवरून. मी विद्यार्थ्यांना शंभर पानी साधी वही घ्यायला सांगतो, सुटे कागद नाहीत. त्यातली नोंद अशी असावी: ‘सकाळी ७.१०. फोन सुरू, कुलूपबंद, बॅटरी ४२ टक्के. `*#06#` लावून आयएमईआय पाहिला आणि लिहिला. फोनचे घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा दोन मिनिटे पुढे. ७.१४. मालकाने स्वतः पिन टाकला. विमान-स्थिती मी चालू केली. ७.२०. यूएसबी डिबगिंग चालू केले, हा फोनमध्ये मी केलेला बदल आहे. ७.३१. कप्पा उतरविला, पहिला प्रयत्न केबल निसटून अर्धवट राहिला, ती अर्धवट प्रतही ठेवली आहे.’ खाली दोघांच्या सह्या.

शेवटच्या दोन नोंदी पोरे गाळू पाहतात. आपण फोनला हात लावला, आपला प्रयत्न फसला, हे लिहिले तर केस कमजोर होईल असे त्यांना वाटते. अनुभव उलटा आहे. दोन मिनिटे पुढे असलेले घड्याळ आपण आधीच लिहिले असेल, तर उलटतपासणीत वेळेतला तो फरक कोणी शोधून काढण्याचा प्रश्नच उरत नाही. आपण न लिहिलेला प्रत्येक बदल मात्र दुसऱ्या बाजूचे हत्यार होतो.

आणि एवढे सर्व नीट झाले तरी त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की अमुक नंबरावरून अमुक वेळी हा मजकूर या फोनवर आला. अंगठा कोणाचा होता, हे त्या फोनला ठाऊक नाही. त्यासाठी पाठविणाऱ्याचा फोन, त्याच्या नंबराची कंपनीकडील नोंद आणि त्या रात्री तो कोठे होता याचे साक्षीदार लागतात. फिर्याद लिहून देतानाच आरोपीचा फोन ताबडतोब जप्त करण्याची लेखी मागणी करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व वेळ घ्यावी. शिक्का नाकारला तर कोणी, किती वाजता नाकारला हे वहीत लिहावे आणि तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवून पावती त्या पानावर डकवावी.